सहा संघ, पंधरा सामने, पाच दिवस : साखळी स्पर्धेच्या भाग्यपत्रिकेचे गणित

शालेय फुटबॉल स्पर्धा बाद पद्धतीने घेतली, तर निम्मे संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी जातात. म्हणून संघ थोडे असले आणि मैदान काही दिवसांसाठी हाती असले, की क्रीडाशिक्षक साखळी पद्धतीकडे वळतात. या पद्धतीत प्रत्येक संघ इतर प्रत्येक संघाशी एकदा खेळतो आणि गुणांवरून क्रम ठरतो. एकूण सामने किती होतील, हे काढणे सोपे आहे. सहा संघ असतील, तर प्रत्येकाला पाच प्रतिस्पर्धी मिळतात. सहा गुणिले पाच म्हणजे तीस, पण या मोजणीत प्रत्येक सामना दोन्ही संघांच्या बाजूने एकेकदा मोजला गेलेला असल्यामुळे त्याच्या निम्मे, म्हणजे पंधरा सामने होतात. एका दिवशी सहाही संघ खेळले, तर तीन सामने होतात. तेव्हा पंधरा सामन्यांना पाच दिवस पुरायला हवेत. हा हिशेब बरोबर आहे, परंतु तो केवळ बेरजेचा आहे. पंधरा सामने पाच दिवसांत खरोखर बसवता येतील की नाही, हे ते कोणत्या क्रमाने मांडले जातात यावर अवलंबून असते, आणि भाग्यपत्रिका, म्हणजे कोणत्या दिवशी कोणाचा सामना कोणाशी हे सांगणारे वेळापत्रक, तयार करणाऱ्याची गाडी बहुधा येथेच अडते.

कोल्हापुरातील एक कल्पित उदाहरण घेऊ. सहा शाळांचे संघ आहेत आणि सोयीसाठी त्यांना त्यांच्या भागांच्या नावांनी ओळखू : १ शिवाजी पेठ, २ मंगळवार पेठ, ३ शुक्रवार पेठ, ४ शाहूपुरी, ५ राजारामपुरी आणि ६ कसबा बावडा. पहिले तीन संघ जुन्या शहरातील पेठांचे आहेत. पेठापेठांतील फुटबॉलची ईर्षा या शहराला नवी नाही; शालेय सामन्यालाही अशा वेळी मैदानाभोवती गर्दी होते. त्यामुळे पेठांचे आपसांतील सामने शेवटी ठेवावेत आणि सुरुवातीला पेठेतल्या संघांनी बाहेरच्या तीन संघांशी खेळावे, असा विचार आयोजकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याप्रमाणे त्यांनी पहिले तीन दिवस असे भरले, असे समजू :

पहिला दिवस : १–४, २–५, ३–६
दुसरा दिवस : १–५, २–६, ३–४
तिसरा दिवस : १–६, २–४, ३–५

येथवर सारे निर्दोष दिसते. दररोज सहाही संघ खेळले, एकही सामना दुबार झाला नाही, नऊ सामने संपले आणि उरलेल्या सहा सामन्यांसाठी दोन दिवस शिल्लक आहेत. आता चौथ्या दिवशी शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ आणि शाहूपुरी विरुद्ध राजारामपुरी असे सामने ठेवले, की शुक्रवार पेठ आणि कसबा बावडा हे दोन संघ उरतात. ते पहिल्याच दिवशी एकमेकांशी खेळलेले आहेत. जोड्या बदलून पाहिल्या तरी पेठांपैकी एक आणि बाहेरच्यांपैकी एक असा संघ रिकामा राहतोच, आणि त्या दोघांचा सामना आधीच झालेला असतो. परिणामी दिवसाला दोनच सामने होतात, उरलेल्या सहा सामन्यांना तीन दिवस लागतात आणि स्पर्धा सहाव्या दिवसावर जाते.

येथे कोणतीही आकडेमोड चुकलेली नाही. चौथ्या दिवसापासून जे सामने उरले, ते सगळे तीन-तीन संघांच्या दोन बंद गटांच्या आतले आहेत, आणि तीन संघांच्या गटात एका वेळी दोघेच खेळू शकतात. तिसरा बसून राहतो. तीन ही संख्या विषम असल्यामुळेच हा गुंता होतो. आठ संघ असते आणि चार-चारांचे दोन गट पाडले असते, तर आधी चार दिवस गटाबाहेरचे आणि मग तीन दिवस गटातले सामने, असे सात दिवसांचे वेळापत्रक सहज बसले असते. दहा संघांचे पाच-पाच असे भाग पाडले, तर मात्र पुन्हा हीच अडचण उभी राहते.

अडकण्याची शक्यताच न ठेवणारी रचना शारीरिक शिक्षणाच्या पाठ्यपुस्तकांत चक्रीय पद्धत म्हणून दिलेली असते. सहा क्रमांक दोन उभ्या रांगांत मांडावेत. डाव्या रांगेत वरून खाली १, २, ३ आणि उजव्या रांगेत खालून वर ४, ५, ६. समोरासमोर आलेले क्रमांक हे त्या दिवसाचे सामने असतात. दुसऱ्या दिवसासाठी १ हा क्रमांक जागेवर ठेवून उरलेले पाच क्रमांक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एकेक घर सरकवावेत. डावीकडे दुसऱ्या ओळीत असलेला २ हा स्थिर १ ला ओलांडून उजवीकडे वर जातो, ६ आणि ५ एकेक घर खाली उतरतात, ४ हा डाव्या रांगेच्या तळाशी येतो आणि ३ एक घर वर चढतो. हेच पुन्हा पुन्हा केले, की पुढील पाच दिवस मिळतात :

क : १–६, २–५, ३–४
ख : १–२, ३–६, ४–५
ग : १–३, ४–२, ५–६
घ : १–४, ५–३, ६–२
च : १–५, ६–४, २–३

यानंतर आणखी एकदा सरकवले, की पहिलीच मांडणी परत येते. या पाच ओळींना मी मुद्दाम पहिला, दुसरा असे न म्हणता अक्षरे दिली आहेत. त्याचे कारण पुढे येईल.

बुद्धिबळाच्या साखळी स्पर्धांत वापरले जाणारे तक्तेही याच तत्त्वावर आधारलेले आहेत. ऑस्ट्रियाचे बुद्धिबळपटू योहान बर्गर यांच्या नावाने ते ओळखले जातात, पण रिचर्ड शुरिग यांनी ते त्यांच्या आधी, १८८६ मध्ये प्रसिद्ध केले होते. तेथे पहिल्याऐवजी शेवटचा क्रमांक स्थिर ठेवतात. कोणता क्रमांक स्थिर ठेवला, याने रचनेच्या अचूकतेत काही बिघडत नाही. कोणता तरी एक मात्र स्थिर ठेवावाच लागतो.

ही युक्ती कधीच का चुकत नाही, हे पाहण्यासाठी सरकणाऱ्या पाच क्रमांकांकडे एक गोल कडे म्हणून पाहावे. पाच जणांच्या कड्यात कोणतेही दोघे एकतर शेजारी असतात किंवा जवळच्या बाजूने मोजल्यास दोन घरांच्या अंतरावर असतात. तिसरे अंतर संभवत नाही. शेजारच्या जोड्या पाच आणि दोन घरांच्या अंतरावरच्या जोड्याही पाचच होतात. आता मांडणी पाहा. सर्वांत खालच्या ओळीत समोरासमोर येणारे दोन संघ कड्यात नेहमी शेजारी असतात, आणि मधल्या ओळीतले दोघे नेहमी दोन घरांच्या अंतरावर असतात. कडे पाच वेळा फिरते, तेव्हा खालच्या ओळीतून शेजारच्या पाचही जोड्या एकेकदा जातात, मधल्या ओळीतून दुसऱ्या प्रकारच्या पाचही जोड्या एकेकदा जातात, आणि वरच्या ओळीत स्थिर संघापुढे पाचही जण एकेकदा येऊन उभे राहतात. पाच, पाच आणि पाच मिळून पंधरा सामने होतात, त्यांत एकही दुबार नाही आणि एकही सुटलेला नाही. संघ आठ असोत वा बारा, युक्तिवाद हाच राहतो. फक्त कड्यातली अंतरे वाढतात आणि प्रत्येक अंतराला स्वतःची एक ओळ मिळते.

आता पेठांच्या प्रश्नाकडे परत यावे लागेल, कारण आयोजकांची मूळ इच्छा चुकीची नव्हती. चक्रीय पद्धतीने काढलेल्या पाच ओळींपैकी प्रत्येक ओळ स्वतःत पूर्ण असते, म्हणून त्या पाच दिवसांत कोणत्याही क्रमाने ठेवता येतात. ओळ मोडायची नाही, एवढे पथ्य पाळले की झाले. पेठांचे आपसांतील सामने १–२, १–३ आणि २–३ हे अनुक्रमे ख, ग आणि च या ओळींत आहेत. क आणि घ या ओळींत पेठेचा प्रत्येक संघ बाहेरच्याशीच खेळतो. म्हणून क आणि घ पहिल्या दोन दिवशी, नंतर ग आणि च, आणि शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ हा सामना ज्या ओळीत आहे ती ख शेवटच्या दिवशी ठेवली, की आयोजकांना जे हवे होते ते पाच दिवसांतच साधते.

मग पहिला प्रयत्न कोठे फसला? त्यात गटाबाहेरच्या सामन्यांचे तीन पूर्ण दिवस ठेवले होते, आणि शक्य आहेत ते नेमके दोनच. याची पडताळणी करता येते. ज्या दिवशी सहाही संघ खेळतात, त्या दिवशी पेठांच्या तीन संघांपैकी जे बाहेरच्यांशी खेळत नाहीत त्यांची संख्या सम असली पाहिजे, कारण ते आपसांत जोडीनेच खेळणार. म्हणजे बाहेरच्यांशी होणारे सामने त्या दिवशी तीन तरी असतील किंवा एक तरी. दोन कधीच असणार नाहीत. पाच दिवसांत असे एकूण नऊ सामने बसवायचे आहेत. प्रत्येक दिवशी एक धरला तर पाच होतात, उरतात चार. आणि एखादा दिवस एकाऐवजी तीनचा केला की दोनची भर पडते. म्हणून तीनचे दिवस दोन आणि एकचे दिवस तीन, याशिवाय दुसरा मार्गच नाही. सहा संघांची पाच दिवसांची रचना क्रमांकांची आणि दिवसांची अदलाबदल सोडली तर मुळात एकच आहे, हेही गणिताने सिद्ध झालेले आहे. त्यामुळे अधिक चांगल्या मांडणीच्या शोधात कागद खर्च करण्याची गरज उरत नाही.

हाताने तक्ता करताना सर्वाधिक वेळा होणारी चूक म्हणजे स्थिर क्रमांकालाही इतरांबरोबर सरकवणे. ती केली, तर दुसऱ्या दिवशी १–२, ३–६, ४–५ अशा बरोबर दिसणाऱ्या जोड्या मिळतात, तिसऱ्या दिवशी २–३, १–४, ५–६ मिळतात, आणि चौथ्या दिवशी पहिल्या दिवसाच्या जोड्या जशाच्या तशा परत येतात. १ आणि ३ तर कधीच भेटत नाहीत. चौथा दिवस पहिल्यासारखा दिसला, की काय घडले ते लगेच ओळखावे.

इतर चुका पकडण्यासाठी एक चौकोनी तक्ता पुरेसा असतो. उभ्या आणि आडव्या कडेला १ ते ६ क्रमांक लिहावेत, आणि ज्या चौकटीत दोन संघ मिळतात तेथे त्यांच्या सामन्याचा दिवस लिहावा. १–६ हा सामना पहिल्या दिवशी असेल, तर पहिल्या आडव्या ओळीत सहाव्या चौकटीत १ आणि सहाव्या ओळीत पहिल्या चौकटीतही १ येतो. कर्णावरच्या चौकटी मोकळ्या राहतात, कारण संघ स्वतःशी खेळत नाही. आता प्रत्येक आडव्या ओळीत १ ते ५ हे दिवस एकेकदा आलेच पाहिजेत. एखाद्या ओळीत तोच आकडा दोनदा दिसला, तर त्या संघाला एकाच दिवशी दोन सामने पडले आहेत. एखादी चौकट रिकामी राहिली, तर तो सामना सुटला आहे; आणि चौकटीत आधीच आकडा असताना दुसरा लिहिण्याची वेळ आली, तर सामना दुबार पडला आहे. जोड्यांची यादी कितीही वेळा वाचली तरी डोळ्यांना न दिसणारा दोष या तक्त्यात लगेच उघडा पडतो. छापील पत्रिका शाळांना पाठवण्यापूर्वी हे काम करावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

स्पर्धेच्या तोंडावर सातवी शाळा येते, असा प्रसंग काही दुर्मीळ नाही. त्या वेळी जुन्या पत्रिकेत सातवा संघ कोठेतरी खुपसण्याचा मोह टाळावा आणि पत्रिका नव्याने करावी. संघांची संख्या विषम झाली, की स्थिर जागेवर कोणताही संघ न ठेवता तेथे ‘बाय’ लिहावा आणि सातही क्रमांक त्याच्याभोवती फिरवावेत. ज्याच्यासमोर बाय येईल, त्या संघाला त्या दिवशी विश्रांती मिळते. पहिल्या दिवशी ७ ला बाय आणि १–६, २–५, ३–४ असे सामने. दुसऱ्या दिवशी १ ला बाय आणि २–७, ३–६, ४–५. तिसऱ्या दिवशी २ ला बाय आणि ३–१, ४–७, ५–६. असे सात दिवस चालते आणि प्रत्येक संघाला नेमकी एकदा विश्रांती मिळते. सामने पंधरावरून एकवीस होतात आणि दिवस पाचावरून सात. आणखी एक शाळा आली, तर ती बायच्या जागी बसते : सामने अठ्ठावीस होतात, पण दिवस सातच राहतात, फक्त रोज तीनऐवजी चार सामने घ्यावे लागतात. दिवसांच्या हिशेबात सातवा संघ महाग पडतो आणि आठवा फुकट येतो. प्रवेशिका स्वीकारताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

सात संघांची पत्रिका बारकाईने पाहिली, तर चक्रीय पद्धतीचा एक दोष लक्षात येतो, ज्याची चर्चा शाळांच्या पातळीवर फारशी होत नाही. संघ ३ चे सामने पाहा : पहिल्या दिवशी ४ शी, दुसऱ्या दिवशी ६ शी, तिसऱ्या दिवशी १ शी, आणि सहाव्या दिवशी ७ शी. आता संघ ५ चे पाहा : दुसऱ्या दिवशी ४ शी, तिसऱ्या दिवशी ६ शी, चौथ्या दिवशी १ शी आणि सातव्या दिवशी ७ शी. म्हणजे ५ ला आपल्या सहा प्रतिस्पर्ध्यांपैकी चौघे ३ शी झुंजून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मिळतात. संघ ३ हा अंगावर येऊन खेळणारा, दमछाक करणारा संघ असेल, तर त्याच्या मेहनतीचा लाभ स्पर्धाभर ५ ला मिळत राहतो. याचे मूळ रचनेतच आहे. कडे रोज त्याच दिशेने तेवढेच सरकत असल्यामुळे कोणत्याही संघापुढे येणारा प्रतिस्पर्धी रोज दोन क्रमांकांनी पुढचा असतो. ३ नंतर ५ येतो, ५ नंतर ७ येतो, आणि हा क्रम सर्व संघांसाठी सारखाच असतो.

दोषावर उपाय पुन्हा तोच आहे : ओळी तशाच ठेवून दिवसांचा क्रम बदलायचा. मूळ सात ओळी १, २, ४, ३, ६, ५, ७ या क्रमाने खेळवल्या, तर ३ शी आदल्या दिवशी खेळलेला प्रतिस्पर्धी ५ ला पूर्ण स्पर्धेत एकदाच मिळतो. तो म्हणजे दुसऱ्या दिवशीचा ४. इतर कोणत्याही दोन संघांच्या बाबतीत असे दोनदांपेक्षा अधिक होत नाही. सात संघांसाठी हा दोष दिवसांच्या अदलाबदलीने पूर्ण नाहीसा करता येत नाही, पण चाराचा एक होणे ही शालेय स्पर्धेत मोठी सुधारणा मानावी लागेल. सामने रोज न होता दर शनिवारी होणार असतील, तर मात्र थकव्याचा प्रश्नच उरत नाही आणि मूळ क्रम ठेवला तरी चालतो.

दिवसाच्या आतला क्रम हा याहून सोपा भाग आहे. एकच मैदान असेल, तर आदल्या दिवशी संध्याकाळचा शेवटचा सामना खेळलेल्या दोन संघांपैकी कोणालाही दुसऱ्या दिवशी सकाळचा पहिला सामना देऊ नये. रोज तीन सामने असल्यामुळे शेवटच्या सामन्यातले दोन संघ दुसऱ्या दिवशी फार तर दोन सामन्यांत विभागले जातात, म्हणून पहिल्या जागेसाठी किमान एक सामना नेहमी मोकळा सापडतो. त्याचप्रमाणे दररोज सकाळची उन्हाआधीची वेळ त्याच त्या संघाच्या वाट्याला येत नाही ना, हे चौकोनी तक्त्याच्या शेजारी आणखी एक रकाना काढून पाहता येते.

एक गोष्ट पत्रिकेबरोबरच लेखी ठरवून ठेवावी लागते : स्पर्धा अर्ध्यावर असताना एखादा संघ निघून गेला तर काय करायचे. त्याच्याशी आधी खेळलेल्या संघांना गुण मिळालेले असतात आणि पुढच्यांना सामनाच मिळत नाही. बुद्धिबळाच्या साखळी स्पर्धांत अशा वेळी खेळाडूने निम्म्याहून कमी डाव खेळले असतील, तर त्याचे निकाल अंतिम क्रमवारीत कोणाच्याच खाती धरत नाहीत. हाच नियम सात संघांच्या फुटबॉल स्पर्धेला लावला, तर दोन सामने खेळून माघार घेणाऱ्या संघाचे दोन्ही निकाल रद्द होतील. तीन किंवा अधिक सामने खेळून झाले असतील, तर झालेले निकाल कायम राहतील आणि उरलेले सामने प्रतिस्पर्ध्यांना बहाल केले जातील. पत्रिकेला मात्र हात लावायचा नाही : त्या संघाच्या क्रमांकाच्या जागी बाय लिहावा आणि बाकीच्या ओळी ठरल्याप्रमाणे खेळवाव्यात.